शेवटच्या आठवड्यांत प्रीमियम वेगाने का झिजतो?

ॲट-द-मनी ऑप्शनचा प्रीमियम उरलेल्या दिवसांच्या नव्हे, तर त्यांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, कारण भावातील संभाव्य चढउतारही त्याच प्रमाणात वाढतो. निफ्टी आणि अस्थिरता स्थिर धरल्यास, 36 दिवस असताना 360 रुपयांचा कॉल 25 दिवसांवर साधारण 300, नऊ दिवसांवर 180 आणि चार दिवसांवर 120 रुपयांचा राहतो. म्हणजे आधी 60 रुपये झिजायला अकरा दिवस लागतात, नंतर तेवढ्याच घसरणीला पाचच दिवस पुरतात. म्हणून महिनाभराची चाल अपेक्षिणाऱ्या खरेदीदाराने पुढच्या महिन्याची एक्स्पायरी घ्यावी, हेच मला योग्य वाटते. मात्र स्ट्राइक बाजारभावापासून बरीच दूर असेल, तर बहुतेक झीज आधीच होऊन जाते.