बस लागते? मग घाट सुरू झाल्यावर गोळी शोधू नका, या चुका टाळा

कोल्हापूर-रत्नागिरी हा रस्ता मी गेली बावीस वर्षं एसटीने करतेय, माहेर तिकडे आणि सासर इकडे. मला स्वतःला बस लागायची, भाच्याला लागते, आणि आंबा घाटात दर खेपेला कोणी ना कोणी त्याच त्याच चुका करून पिशवीत तोंड घालून बसलेलं दिसतं. म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही पण डॉक्टरांना विचारून विचारून आणि स्वतः भोगून जे पक्कं झालंय तेच सांगते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गोळी पर्समध्ये ठेवून "लागलं तर देऊ" म्हणणं.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात ताई, तिचा आठ वर्षांचा मुलगा आणि मी सकाळी सातच्या गाडीने निघालो. निघायच्या आधी स्टँडजवळ मिसळ खाल्ली, पोराने पण तर्री घालून खाल्ली. डॉक्टरांनी त्याच्यासाठी अर्धी गोळी लिहून दिली होती, निघायच्या दीड-दोन तास आधी द्यायची म्हणून, पण ताई म्हणाली आत्ता बरा आहे ना तो, मग कशाला उगाच औषध. मलकापूर मागे पडलं तेव्हा तो मोबाईलवर गेम खेळत होता आणि सारखा जांभया देत होता. आम्हाला वाटलं लवकर उठलाय म्हणून. आंबा गाव आलं तेव्हा म्हणाला, "मावशी, तोंडात पाणी सुटतंय." बघते तर ओठ पांढरे पडलेले, वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब आणि हात हातात घेतला तर बर्फासारखा गार. ताईने घाईघाईने अर्धी गोळी काढून वर अर्धी बाटली पाणी पाजलं. घाटातल्या तिसऱ्या वळणाला सगळं बाहेर आलं आणि पिशवीत ती गोळी जशीच्या तशी दिसत होती, कडासुद्धा विरघळल्या नव्हत्या. मग ताईने घाबरून एक अख्खी दिली. ती पोटात राहिली पण तोपर्यंत साखरपा येऊन घाट संपला होता, आणि पोरगा रत्नागिरीला उतरल्यावर असा झोपला की रात्री जेवायला उठवता येईना. घरातले सगळे घाबरून त्याच्या उशाशी बसलेले, ती रात्र मी विसरणार नाही.

कारण साधं आहे. मळमळायला लागलं की पोटाचं काम मंदावतं, पोटातलं पुढे आतड्यात सरकत नाही, म्हणून गोळी तिथेच पडून राहते आणि उलटीबरोबर परत येते. आणि गोळीचं काम मुळात मळमळ सुरूच होऊ नये हे आहे, सुरू झालेली थांबवणं नाही. ॲव्होमिन म्हणून जी मिळते त्यात प्रोमेथॅझिन असतं, 25 मिलिग्रॅम, ती निघायच्या एक-दोन तास आधी किंवा लांबचा प्रवास असेल तर आदल्या रात्री झोपताना घेतात. झोप येते, त्यामुळे ती घेऊन स्वतः गाडी चालवायची नाही. दोन वर्षांखालच्या बाळाला अजिबात नाही, मोठ्या मुलांना किती ते डॉक्टरांनीच सांगायचं, गरोदर बाईनेही विचारल्याशिवाय नाही, आणि एक उलटून पडली म्हणून अंदाजाने दुसरी तर कधीच नाही.

याच्याच पोटात अजून एक चूक आहे. मेडिकलमध्ये नुसतं "उलटीची गोळी द्या" म्हणायचं. मग बऱ्याचदा ऑन्डान्सेट्रॉन मिळते. ती पोट बिघडून उलट्या होतात त्याला चांगली, पण बस लागण्यावर तिचा फारसा उपयोग नाही. "प्रवासात लागते त्यासाठी" असं तोंडाने सांगा.

दुसरी चूक मोबाईल. हल्ली ही सगळ्यात जास्त दिसते आणि सांगितलं तर लोकांना राग येतो. कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो, बस वळली, उसळली, ब्रेक लागला की त्याला लगेच कळतं. डोळे मात्र स्क्रीनवर, ते मेंदूला सांगतात की सगळं स्थिर आहे. दोघांचं जुळत नाही आणि त्यातून मळमळ, गार घाम, उलटी. ड्रायव्हरला बस लागत नाही कारण वळण यायच्या आधी ते त्याला दिसलेलं असतं. म्हणून आपणही पुढे आणि लांब बघायचं, बाजूच्या खिडकीतून सर्रकन मागे पळणारी झाडं नाहीत. घाटात डोंगर आडवा येऊन लांबचं काही दिसत नाही, तिथे मी सरळ डोळे मिटते आणि डोकं सीटला मागे टेकवून ठेवते. डोकं जितकं कमी हलेल तितकं बरं. वाकून पिशवीतला डबा शोधणं, पडलेली चप्पल उचलणं हे घाटात करू नका, त्या एका वाकण्याने मी दोनदा पडलेय आजारी.

सीट शेवटची नको. मागच्या चाकाच्या मागचा भाग सगळ्यात जास्त उसळतो. पुढून तिसरी-चौथी रांग आणि खिडकी, त्यासाठी रिझर्वेशन करा, चार पैसे जास्त गेले तरी. स्लीपर असेल तर खालचा बर्थ, वरचा जास्त झुलतो.

उपाशी निघू नका आणि मिसळ-वडा खाऊनही निघू नका. मी दीड तास आधी मऊ भात किंवा एक भाकरी खाते, एवढंच.

आलेपाक मी तोंडात ठेवते आणि मला बरं वाटतं, पण ज्याला घाटात हमखास लागते त्याला नुसत्या आलेपाकावर नेऊ नका.

खिडकीतून डोकं बाहेर काढून उलटी करू नका, समोरून ट्रक अंगाला घासून जातो. मांडीवर दोन पिशव्या, एकात एक घातलेल्या, आधीच तयार.

परतीच्या वेळी आम्ही सगळं बदललं. रत्नागिरीहून सातची गाडी, साडेपाचला मऊ भात आणि अर्धी गोळी, चौथी रांग, मोबाईल माझ्या पर्समध्ये. साखरप्याला त्याने जांभई दिली तशी मी लगेच काच उघडली, तोंडावर गार वारा येऊ दिला, डोकं मागे टेकवायला लावलं आणि गप्पा बंद केल्या. जांभया, तोंडात पाणी, ढेकर ही पहिली खूण, गार घाम त्याच्यानंतर येतो, आणि घाम येईपर्यंत थांबलात तर हातात फार वेळ उरत नाही. आंब्याला वर आलो तेव्हा चेहरा थोडा उतरलेला होता पण उलटी झाली नाही, मलकापूरला उतरून लिंबू-सरबत मागितलं त्याने.

एक मात्र नीट बघा, प्रत्येक गार घाम बस लागल्याचा नसतो. वयस्कर माणसाला घामाबरोबर छातीत दाब वाटतोय, हात किंवा जबडा दुखतोय, दम लागतोय तर "घाट आहे, लागली असेल" म्हणून पिशवी देऊन बसू नका, कंडक्टरला सांगून गाडी थेट जवळच्या दवाखान्याकडे घ्यायला लावा. आणि डायबेटिसचं औषध घेऊन उपाशी निघालेला माणूस थरथरतोय, घामाने भिजलाय, बोलण्यात गोंधळतोय तर साखर उतरली असू शकते, शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर लगेच साखर किंवा गोड सरबत द्या. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा.