करपूर्व दर, करोत्तर रोकड आणि 25 लाखांचा नसलेला तोटा

आर्टिकलशिपच्या दुसऱ्या वर्षी, एप्रिलच्या शेवटी, फोर्टमधल्या आमच्या ऑफिसात माझ्याकडे पहिल्यांदाच इम्पेअरमेंटची फाइल आली. क्लायंटचा अंबरनाथला कारखाना होता आणि त्यातली एक उत्पादन लाइन मंदावली होती. तिची पुस्तकी किंमत भरून निघेल एवढी कमाई ती पुढे करणार आहे का, हे इंड एएस 36 या लेखामानकाप्रमाणे तपासायचं होतं. (इथे आकडे बदलून, सोपे करून देते.) पुस्तकी किंमत 320 लाख. मी एक्सेलमध्ये हिशेब मांडला; वापरमूल्य, म्हणजे लाइनकडून पुढे येणाऱ्या रोकडीची आजची किंमत, आलं 294.7 लाख. म्हणजे जवळपास 25 लाखांचा तोटा नोंदवायचा.

मॅनेजर मॅडमनी शीट उघडली आणि डिस्काउंट रेटच्या सेलवर थांबल्या. "हे 16 टक्के कुठून आणलेस?"

"मागच्या वर्षीच्या वर्किंगमधून, मॅडम. करपूर्व दर आहे."

"आणि वरची रोकड?"

वरच्या ओळीत कर वजा झालेला होता. क्लायंटच्या बजेटमधून मी शेवटची, 'करानंतर' अशी ओळ उचलली होती. दर करपूर्व, रोकड करोत्तर. एकच कर मी दोनदा कापला होता: एकदा रोकडीतून थेट, दुसऱ्यांदा दर वाढवून.

हिशेब असा होता. लाइन पाच वर्षं चालणार, दरवर्षी कर धरण्याआधी 100 लाख रोकड देणार. कंपनी 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 115बीएए खाली होती, म्हणजे 22 टक्के मूळ दर, त्यावर 10 टक्के अधिभार आणि 4 टक्के उपकर मिळून 25.168 टक्के, आपण 25 धरू. आयकराच्या हिशेबात यंत्रांची 300 लाख किंमत अजून शिल्लक होती. प्रत्यक्षात यंत्रांवर 15 टक्क्यांनी घटत्या शिलकीवर घसारा मिळतो, पण उदाहरणापुरता तो समान, वर्षाला 60 लाख घेऊ. मग करपात्र 40 लाख, कर 10 लाख, हातात 90 लाख. करोत्तर दर 12 टक्के होता.

90 लाखांची पाच वर्षं 12 टक्क्यांनी आजच्या किमतीत आणली की 324.4 लाख येतात. पुस्तकी किंमत 320, त्यामुळे तोटा नाही. तेच 90 लाख 16 टक्क्यांनी आणले की 294.7. उलट चूक केली, म्हणजे कर न कापलेले 100 लाख घेऊन 12 टक्के लावले, तर 360.5. या दुसऱ्या चुकीला मी जास्त घाबरते. पहिलीत तोटा दिसतो, क्लायंट लगेच फोन करतो आणि चूक सापडते. दुसरीत सगळं छान दिसतं, म्हणून कुणी विचारतच नाही.

दर कुठल्या जातीचा आहे, हे तो जिथून निघाला तिथेच कळतं. इक्विटीचा खर्च आपण कॅपएम या सूत्राने काढतो. त्यातला बीटा आणि बाजाराचा परतावा शेअरच्या किमतींवरून येतो, आणि शेअरधारकाला मिळतं ते कंपनीने कर भरल्यानंतरचं. कर्जाच्या व्याजाला तर आपण स्वतःच (1 − कर दर) ने गुणतो. म्हणून या दोन खर्चांची भारित सरासरी, म्हणजे नेहमीच्या पद्धतीने काढलेला डब्ल्यूएसीसी, करोत्तरच असतो. गंमत अशी की इंड एएस 36 वापरमूल्यासाठी रोकड करपूर्व आणि दरही करपूर्व मागतं, आणि बाजारात करपूर्व दर थेट सापडत नाही. गोंधळाचं मूळ इथे आहे.

यातून एक लपलेली चूक निघते, तीही मी करून बसले होते. डब्ल्यूएसीसीत व्याजावरची करबचत आधीच धरलेली असते. म्हणून करोत्तर रोकड काढताना कर हा व्याज वजा करण्याआधीच्या नफ्यावर मोजायचा. नफा-तोटा पत्रकातला कर जसाच्या तसा उचललात तर तो व्याज वजा झाल्यानंतरचा असतो. आपल्या लाइनवर वर्षाला 12 लाख व्याज येतं असं समजा. करपात्र रक्कम 40 ऐवजी 28, कर 10 ऐवजी 7, रोकड 93, आणि 12 टक्क्यांनी मूल्य 335.2 लाख. व्याजाची सवलत दोनदा घेतल्यामुळे 11 लाख जवळपास हवेतून आले. शीटमधला कर व्याजाच्या ओळीच्या खाली असेल तर तिथेच थांबा.

आता 16 टक्के. मागच्या वर्षी कुणीतरी 12 ला 0.75 ने भागलं होतं. कधीच न संपणारी, दरवर्षी सारखी रोकड असेल आणि तिच्या सगळ्या रकमेवर कर लागत असेल, तर हा भागाकार अचूक आहे. पाच वर्षांच्या यंत्राला तो लागू पडेलच असं नाही. घसाऱ्याची सवलत किती आणि कधी मिळते, यावर खरा करपूर्व दर ठरतो. तो काढायचा तर आधी करोत्तर रोकड आणि करोत्तर दराने मूल्य काढा, मग करपूर्व रोकडीला त्याच मूल्यावर आणणारा दर शोधा:

```
=RATE(5, 100, -324.4)
```

उत्तर येतं साधारण 16.4 टक्के. इथे 16 च्या जवळ आलं. पण आयकरात यंत्राची किंमत पूर्ण संपलेली असती तर कर 25 लाख, रोकड 75 लाख, मूल्य 270.4 लाख, आणि करपूर्व दर जवळपास 24.7 टक्के आला असता. रोकड दरवर्षी वेगळी असेल तर पहिल्या सेलमध्ये मूल्य उणे लिहून, पुढे करपूर्व रोकड मांडून `IRR` लावा.

हे दुसरं टोक दाखवलं, पण इम्पेअरमेंटमध्ये ते जसंच्या तसं वापरू नका. पुस्तकी किंमत आणि आयकरातली किंमत यांतल्या फरकाचा कर इंड एएस 12 खाली डिफर्ड टॅक्समध्ये आधीच बसलेला असतो. तोच फरक वापरमूल्यातही घातलात तर पुन्हा दुहेरी मोजणी होते. म्हणून करोत्तर मार्गाने जाताना आयकरातली शिल्लक किंमत येणाऱ्या वापरमूल्याइतकीच आहे असं धरून घसारा काढतात. मूल्य बदललं की घसारा बदलतो, म्हणून हे दोन-तीन फेऱ्यांत जुळवावं लागतं. आपल्या आकड्यांत ते 329.8 लाखांवर स्थिरावतं आणि करपूर्व दर 15.7 टक्के येतो. निष्कर्ष तोच राहतो: तोटा नाही.

मार्च 2024 मध्ये आंतरराष्ट्रीय लेखामानकं ठरवणाऱ्या आयएएसबीने मसुदा काढून, इंड एएस 36 ज्यावर बेतलं आहे त्या आयएएस 36 मधली करपूर्वची सक्ती काढायचा प्रस्ताव मांडला, तो याच कसरतीमुळे मला पटतो. पण त्या प्रस्तावातही दर आणि रोकड एकाच जातीचे हवेत, ही अट सुटत नाही.

ती फाइल त्या रात्रीच दुरुस्त केली आणि चर्चगेटहून शेवटच्या काही लोकलपैकी एक पकडली. तेव्हापासून माझ्या प्रत्येक शीटमध्ये दराच्या शेजारच्या सेलमध्ये तीन गोष्टी लिहिलेल्या असतात: दर करपूर्व की करोत्तर, तो कशावरून काढला, आणि रोकडीची कुठली ओळ त्याला जोडली आहे.