चिपबोर्डच्या कपाटात बिजागरीचा स्क्रू नुसताच फिरतो? माझा अनुभव

कपाटाचं दार खाली लोंबायला लागलं. वरच्या बिजागरीचे दोन्ही स्क्रू कितीही पिळले तरी गरागरा फिरत होते आणि बोटांनी सहज उपसून येत होते, सोबत चिमूटभर भुसा.

आधी काडेपेटीच्या काड्या कोंबल्या, आठवडाभर टिकल्या. मग लांब स्क्रू लावला, त्याचं टोक बाहेरच्या बाजूने डोकावलं. वैताग आला.

शेवटी हे जमलं. दार आणि बिजागरीची पट्टी काढली. बोर्ड 18 मिमीचा, म्हणून 8 मिमीच्या ड्रिल बिटवर 13 मिमीला चिकटपट्टी गुंडाळली आणि तेवढंच खोल भोक पाडलं. भुसा फुंकून काढला. चिपबोर्ड गोंद पितो, त्यामुळे आधी आतून लाकडाच्या पांढऱ्या गोंदाचा एक हात दिला, दहा मिनिटं थांबलो, मग पुन्हा गोंद भरून 8 मिमीची लाकडी खुंटी हलकेच ठोकली. वर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसला. पूर्ण एक दिवस हात लावला नाही. खुंटीचं डोकं करवतीने सपाट कापलं, पट्टी ठेवून जागा आखली आणि मधोमध 2.5 मिमीचं भोक पाडलं. हे टाळलं तर खुंटी चिरते. मूळचा 4 मिमीचा स्क्रू हातानेच आवळला; शेवटच्या आट्याला जोर लागला, तेव्हाच कळलं की पकड आली.

पाण्याने फुगलेल्या बोर्डात मात्र खुंटीच्या भोवतीचा भुसाच सुटतो. तिथे बिजागरी वर किंवा खाली कोरड्या जागी सरकवा.