आपल्या जागेवर दुसऱ्याचे बांधकाम सुरू झाले तर काय करावे?

समजा, तुमची गावठाणात जागा आहे आणि तुम्ही नोकरीसाठी पुण्यात राहता. गणपतीला गावी गेलात तेव्हा शेजाऱ्याने घराचे जोते घातलेले दिसले. त्यातले चारेक फूट तुमच्या हद्दीत आलेले आहे. जुनी मोजणी घरात असल्याने तुम्हाला ते लगेच कळले, पण शेजारी कुंपणाचा जुना निवडुंगच हद्द समजतो. सणासुदीला वाद नको म्हणून तुम्ही काही बोलला नाहीत. दिवाळीत आलात तोवर स्लॅब पडला होता.

मालकाची जागा जाण्याचा धोका असतो तो नेमका अशा गप्प बसण्यात. आपल्या बोलण्याने किंवा गप्प राहण्याने समोरच्याला एक समज करून दिला की नंतर त्याच्या उलट हक्क सांगता येत नाही; पुरावा कायद्यात याला विबंध म्हणतात. 1872 च्या कायद्यातले कलम 115 आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम 121 म्हणून आले आहे. मात्र मालक गप्प बसला एवढ्यावरून जागा जात नाही. 1880 च्या ‘विलमॉट विरुद्ध बार्बर’ या इंग्लिश खटल्यात सांगितलेल्या पाच गोष्टींचा आधार आपल्याकडची न्यायालयेही घेत आली आहेत. बांधणाऱ्याचा आपल्या हक्काबद्दल गैरसमज असावा. त्या गैरसमजावर विसंबून त्याने खर्च केलेला असावा. मालकाला स्वतःचा हक्क माहीत असावा. समोरचा गैरसमजात आहे हेही त्याला माहीत असावे. आणि हे सगळे माहीत असताना त्याने बोलून, किंवा बोलायला हवे तिथे न बोलून, त्याला पुढे जाऊ दिलेले असावे.

वरच्या उदाहरणात या पाचही गोष्टी जुळू शकतात, म्हणून ते गंभीर आहे. पण त्याच शेजाऱ्याला खरी हद्द माहीत असती, तर तुमच्या मौनाचा त्याला फायदा मिळाला नसता. ‘मद्दणप्पा विरुद्ध चंद्रम्मा’ या 1965 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले: ज्याला खरी मालकी ठाऊक आहे, त्याची फसगत झालीच नाही. तसेच हद्द कुठे आहे हे खुद्द मालकालाच माहीत नसेल, तर त्याच्या गप्प बसण्याला संमती म्हणता येत नाही.

म्हणून काम दिसले त्याच दिवशी शेजाऱ्याला तोंडी सांगा, “हे माझ्या हद्दीत येतंय, मोजणी होईपर्यंत थांबा.” बोलताना गावातला एखादा साक्षीदार सोबत असू द्या. तारीख दिसेल असे फोटो काढा: खड्डे, जोते, रचलेल्या विटा, आणि ओळखीसाठी एखादे झाड किंवा रस्ता. काम कोणत्या तारखेला किती झाले होते, यावरच पुढे बराच वाद होतो.

त्यानंतर वकिलामार्फत स्पीड पोस्टाने, नोंदणी आणि पोचपावतीसह नोटीस पाठवा. नोटिशीत गट किंवा सिटी सर्व्हे नंबर, हद्द, अतिक्रमणाचे अंदाजे माप आणि काम थांबवण्याची मागणी स्पष्ट असावी. जागेवर लावलेल्या मालकीच्या बोर्डाचा फोटो असला तरी नोटिशीची जागा तो घेऊ शकत नाही. ही नोटीस पोचली की शेजाऱ्याला गैरसमजाचा आधार उरत नाही. त्यानंतरचा खर्च त्याने स्वतःच्या जोखमीवर केला असे म्हणता येते.

त्याचबरोबर भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत लेखी हरकत जरूर द्या, पण बांधकाम परवानगीने मालकी ठरत नाही. पोलीस बहुतेक वेळा दिवाणी बाब म्हणून परत पाठवतात, तेवढ्याने खचू नका.

नोटिशीनंतरही काम सुरू राहिले तर मोजणीची वाट बघत बसू नका. दिवाणी न्यायालयात दावा लावा, सोबत काम लगेच थांबवण्यासाठी तूर्तातूर्त मनाईचा अर्ज आणि जागेची पाहणी करायला कोर्ट कमिशनर नेमण्याचा अर्ज द्या. इथे उशीर फार महागात पडतो. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 41 प्रमाणे, हक्काच्या ज्या चालू भंगाला तुम्ही मूकसंमती दिली त्यासाठी मनाई हुकूम मिळत नाही. मालकीवरून कब्जा मागायची मुदत 12 वर्षांची आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका. घर पूर्ण झाल्यावर न्यायालय पाडायला सांगण्याऐवजी भरपाई देऊन मोकळे होण्याची शक्यता वाढते.

आणि भावकीत हमखास होणारी एक चूक टाळा. “ठीक आहे, बांध, आपलीच माणसं आहोत,” असे म्हणू नका. ते मौन नव्हे, परवानगी झाली. 1882 च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम 60 नुसार, त्या परवानगीवर कोणी खर्च करून पक्के काम केले तर ती सहसा मागे घेता येत नाही. खरोखरच जागा वापरू द्यायची असेल तर स्टॅम्प पेपरवर लिहून घ्या: जागा तुमची, काम कच्चे आणि काढता येण्याजोगे, आणि परवानगी कधीही काढून घेता येईल. ते चार फूट कायमचे द्यायचेच असतील तर नोंदणीकृत दस्त करून द्या.