ब्रिटनसाठी परिचारिकेचा रेझ्युमे: आयसीयूचा अनुभव आणि नोंदणी कशी मांडावी

ब्रिटनच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या रुग्णालयांत नोंदणीकृत परिचारिकेची सुरुवात बहुधा बँड ५ या वेतनश्रेणीच्या पदावर होते, आणि निवड करणारे त्या पदाच्या अटी समोर ठेवूनच रेझ्युमे वाचतात. त्यामुळे आपल्याकडे सर्रास लिहिली जाणारी जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती आणि छायाचित्र काढून टाकावे व ती जागा कामाच्या तपशिलाला द्यावी.

नाशिकमध्ये मुंबई नाक्याजवळच्या एका खासगी रुग्णालयात चार वर्षे आयसीयूत असलेल्या माझ्या मैत्रिणीच्या रेझ्युमेत ‘आयसीयू स्टाफ नर्स, व्हायटल्स, औषधे, इंजेक्शन’ एवढेच होते. ही ओळ कोणत्याही वॉर्डातली असू शकते. तिला विचारत गेल्यावर समजले की विभाग १० खाटांचा होता, एका पाळीत तिच्याकडे दोन रुग्ण असत आणि त्यांतला एक बहुधा व्हेंटिलेटरवर असे. हे सर्व आम्ही लिहिले. ब्रिटनमध्ये अतिदक्षता रुग्णांची पातळी ठरलेली असते: एकाच अवयवाला आधार लागणारा रुग्ण सहसा लेव्हल २, तर व्हेंटिलेटरवरचा किंवा अनेक अवयवांना आधार लागणारा लेव्हल ३ मध्ये येतो. म्हणून ‘लेव्हल २ व ३ च्या स्वरूपाचे रुग्ण’ असा उल्लेख केला. त्यानंतर स्वतंत्रपणे केलेली आणि साहाय्य केलेली कामे वेगळी केली. सिरिंज पंपावरील नॉरॲड्रेनालिनवर लक्ष ठेवणे आणि आर्टेरियल लाइनमधून रक्ताचा नमुना घेणे ही कामे ती स्वतः करी. सेंट्रल लाइन टाकताना मात्र डॉक्टरांना साहाय्य करी. हा भेद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण मुलाखतीत नेमके त्याच कामाच्या पायऱ्या विचारल्या जाऊ शकतात.

नोंदणीच्या भागात महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक व वैधतेची तारीख द्यावी. एनएमसी या ब्रिटनच्या परिचारिका नोंदणी संस्थेकडील प्रक्रिया जिथे पोहोचली असेल तेवढेच लिहावे, उदाहरणार्थ ‘सीबीटी उत्तीर्ण, ओएससीई बाकी’, म्हणजे संगणकावरची परीक्षा झाली, प्रात्यक्षिक परीक्षा बाकी. ‘एनएमसी नोंदणीकृत’ हे शब्द पिन, म्हणजे तिथला नोंदणी क्रमांक, मिळाल्यावरच वापरावेत, कारण तेथे ‘रजिस्टर्ड नर्स’ ही पदवी कायद्याने संरक्षित आहे आणि एनएमसीची नोंदवही कोणालाही ऑनलाइन पाहता येते.

आपल्याकडे लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, म्हणून कौन्सिलच्या प्रमाणपत्रावर माहेरचे व पासपोर्टवर सासरचे नाव असणे नेहमीचे आहे. रेझ्युमेवर पासपोर्टवरचेच नाव घालावे, पूर्वीचे नाव त्याखाली नोंदवावे आणि विवाह प्रमाणपत्र हाताशी ठेवावे.

प्रत्येक नोकरीचा महिना व वर्ष अनुभवपत्राशी जुळले पाहिजे. बाळंतपण किंवा आयईएलटीएसच्या तयारीसाठीचा खंड एका ओळीत स्पष्ट लिहावा, कारण एनएचएसमध्ये नेमणुकीपूर्वी साधारणपणे मागील तीन वर्षांच्या कामाची पडताळणी होते. संदर्भासाठी मेट्रनचा वैयक्तिक नव्हे, तर रुग्णालयाचा अधिकृत ईमेल द्यावा आणि त्यांना तशी आधी कल्पना द्यावी.