केसांना घट्ट धरून बसलेली चंदेरी खपली : ती सोडवताना या चुका टाळा

गेल्या श्रावणात मी माहेरी गुहागरकडे गेले होते. बारा वर्षांची भाची ओटीवर बसली होती आणि माझी आई बारीक फणीने तिचं डोकं खरवडत होती. पोरगी रडत होती. "अगो, लिखा झाल्यात हिला, निघतच नाहीत," आई म्हणाली. मी केस बाजूला करून पाहिलं. उजव्या कानाच्या वर, तळहाताच्या निम्म्या आकाराचा राखाडी-चंदेरी जाड थर होता. त्यातून केसांचे झुपके एकत्र चिकटून वर आले होते, आणि फणी लागली होती तिथे रक्ताचे दोन-तीन ठिपके होते. लिखा नव्हत्याच त्या.

मी बरीच वर्षं त्वचारोगाच्या दवाखान्यात परिचारिका आहे. हा प्रकार तिथे वरचेवर बघते, विशेषतः शाळकरी मुलींमध्ये. टिनिया अमियांटेशिया हे त्याचं नाव. अलिबेर या फ्रेंच डॉक्टरांनी 1832 मध्ये त्याचं वर्णन केलं. अमियांट म्हणजे ॲस्बेस्टॉस. थर तसाच तंतुमय आणि चमकदार दिसतो, म्हणून हे नाव पडलं. आपल्याकडच्या माणसाला मी वेगळं सांगते : घरावरची कौलं आठवा. एकावर एक चढलेली, खालच्याची कड वरच्याखाली दबलेली. डोक्यावरचे पापुद्रे तसेच रचलेले असतात, फरक इतकाच की प्रत्येक कौलातून केस आरपार गेलेले असतात आणि पापुद्रा त्या केसांभोवती बाहीसारखा गुंडाळलेला असतो.

खपली ओढली की केस का येतो, ते यावरून समजेल. लीख एका केसाच्या एका बाजूला डिंकासारखी चिकटलेली असते, तिला केसावरून ओढून काढता येतं. इथे एका खपलीने दहा-पंधरा केस एकदम कवटाळलेले असतात. तुम्ही वरून उचकटता तेव्हा सगळ्यांच्या मुळांना एकाच वेळी झटका बसतो.

पहिली चूक : फणी, नखं आणि रॉकेल

मासळी साफ करताना शेपटीकडून डोक्याकडे सुरी फिरवून खवलं उडवतात, तशी बारीक फणी इथे फिरवली जाते. त्वचेला जखम होते, केस उपटले जातात, आणि खपलीच्या मुळाशी सोरायसिस हा त्वचेचा आजार असेल तर खरचटलेल्या जागी तो आणखी पसरतो. वर उवांचं औषध, रॉकेल किंवा लिंबाचा रस लावला तर उघड्या त्वचेची आग होते आणि खपली जागची हलत नाही. आईने आदल्या रविवारी लिंबू लावलं होतं. पोरगी डोक्याला हात लावू देत नव्हती त्याचं कारण तेच होतं.

दुसरी चूक : तेल लावून ते तसंच ठेवणं

आपल्याकडे खोबरेल तेल हा पहिला उपाय, आणि खपली मऊ करायला ते खरंच चांगलं आहे. चूक होते ती पुढे. तेल दोन-तीन दिवस डोक्यावरच राहतं, त्यावर रोज नवा हात फिरतो, आणि पावसाळ्यात ओले केस तसेच घट्ट दोन वेण्यांत बांधून मुलगी शाळेत जाते. डोक्यावर राहणारी मालासेझिया नावाची बुरशी तेलातल्या स्निग्ध आम्लांवर जगते. कोंड्यासारख्या आजारातून ही खपली आली असेल, तर साचलेलं तेल त्या बुरशीला रोजचं जेवण ठरतं. म्हणून खोबरेल लावायचं असेल तर रात्री लावा आणि सकाळी धुवाच. लिक्विड पॅराफिन म्हणजे खनिज तेल मिळालं तर ते जास्त सोयीचं, कारण त्यात बुरशीला खाण्यासारखं काही नसतं. कोकमाचं तेल टाचांच्या भेगांना उत्तम आहे, पण इथे नको. ते केसांत गोठून बसतं आणि धुऊन निघता निघत नाही.

रात्रभर प्लास्टिकची टोपी घालण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतो. थंड, कोरड्या गावात तो चालत असेल. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घामाने मुळांशी पुटकुळ्या येतात, हे मी पाहिलेलं आहे. धुतलेला जुना सुती पंचा सैल गुंडाळला तरी पुरतं.

खपली सोडवायची ती अशी

भाचीला मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी बुरशीची तपासणी करून घेतली (ती का, ते पुढे सांगते). गजकर्णाची बुरशी नसल्याचं कळल्यावर 3 टक्के सॅलिसिलिक ॲसिडचं मलम, कोल टारचा शाम्पू आणि नंतर लावायचं स्टिरॉइडचं लोशन लिहून दिलं. सॅलिसिलिक ॲसिड पापुद्र्याच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा दुवा सैल करतं. तेल एकटं हे करत नाही, ते फक्त भिजवतं. म्हणून दोन्ही लागतात.

पहिले दोन दिवस आम्ही मलम लावलंच नाही, कारण फणीने ओरखडे पडले होते. रक्त आलेल्या त्वचेवर सॅलिसिलिक ॲसिड झोंबतं. तेवढे दिवस फक्त तेल.

तिसऱ्या संध्याकाळपासून असा क्रम ठेवला. फणीच्या शेपटीने केसांचे भांग पाडून खपलीची एक कड उघडी केली. मनगटावर टेकवून बघितलेलं कोमट तेल कापसाने थेंब थेंब सोडलं, केसांच्या टोकांवर नव्हे, तर खपली त्वचेला टेकते त्या रेषेवर. तेल वरून ओतलं तर ते कौलांवरून पाणी जावं तसं वाहून जातं. ते कौलाखाली शिरायला हवं. अर्ध्या तासाने त्यावर मलमाचा पातळ हात, तोही खपलीपुरताच. पहिल्या दिवशी दोन तास ठेवलं. आग झाली नाही, म्हणून पुढे रात्रभर.

सकाळी कोमट पाण्याने डोकं भिजवून शाम्पू लावला, पाच मिनिटं ठेवला, धुतला, पुन्हा एकदा लावला. पहिल्या धुण्यात फक्त तेल जातं, औषध त्वचेपर्यंत पोहोचतं ते दुसऱ्यात.

आणि आता हात लावायची वेळ. केस ओले असतानाच. डाव्या हाताच्या दोन बोटांनी झुपका त्वचेलगत घट्ट धरायचा, म्हणजे ओढ बोटांवर येते, मुळांवर नाही. उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने, नखाने नव्हे, भिजलेली खपली केसाच्या दिशेने टोकाकडे सरकवायची. माळेतून मणी ओढावा तशी ती केसावरून निघत जाते. रुंद दातांचा कंगवा वापरायचा तर तो त्वचेला जवळजवळ समांतर, आडवा धरायचा. दात त्वचेत टोचता कामा नयेत. सुरुवात नेहमी कडेपासून करायची. मधला जाड भाग शेवटी.

थांबायचं केव्हा, हे मी वहिनीला तीनदा सांगितलं. खपली दोनदा हलक्या हाताने सरकवूनही हलली नाही, तर ती आजची नाही, पुन्हा तेल. खपलीबरोबर दोन-चार केस मुळासकट आले तर थांबा. खाली लाल, ओलसर त्वचा दिसली तर त्या जागी मलम दोन दिवस बंद. रोज दोन-तीन झुपकेच मोकळे करायचे. एका बैठकीत सगळं साफ करायची घाई हीच या आजारातली सर्वांत महाग चूक आहे असं माझं मत आहे.

चौथ्या दिवशी पहिला मोठा तुकडा सरकून हातात आला, पातळ अभ्रकाच्या पापुद्र्यासारखा, आणि त्यात केसांची भोकं रांगेने दिसत होती. "आत्या, दुखलंच नाही," भाची म्हणाली. बाराव्या दिवशी जागा मोकळी झाली. खाली गुलाबी त्वचा होती आणि केस विरळ झाले होते. वहिनी घाबरली. पण या आजारात गळलेले केस सहसा परत येतात. तिचे तीनेक महिन्यांत आले.

तिसरी चूक : खपली गेली म्हणजे आजार गेला

खपली हे वरचं लक्षण. खाली काहीतरी वेगळं चालू असतं : बहुतेक वेळा सोरायसिस, नाहीतर कोंड्याचा तीव्र प्रकार, कधी एक्झिमा. कोपर, गुडघे, कानामागची घडी आणि नखं बघा. नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा. स्टिरॉइडचं लोशन खपली निघाल्यावरच कामाचं, कारण जाड थरावर लावलेलं औषध त्वचेपर्यंत जातच नाही. ते किती दिवस लावायचं आणि कसं कमी करायचं हे डॉक्टर ठरवतात. दुकानातून मनाने आणून महिनोन्महिने लावू नका.

नावात टिनिया असलं तरी हा आजार बहुधा गजकर्ण नसतो. काही डॉक्टर म्हणूनच त्याला पिटिरियासिस अमियांटेशिया म्हणतात. पण कधीकधी, विशेषतः लहान मुलांत, खाली खरोखर गजकर्ण निघतं. म्हणून ती तपासणी. खपलीचा चुरा आणि काही तुटके केस घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. केस त्वचेलगत तुटून काळे ठिपके दिसत असतील, घरातल्या दुसऱ्या मुलाला किंवा मांजराला चट्टे असतील, तर संशय वाढतो. तिथे नुसतं स्टिरॉइड लावलं तर बुरशी फोफावते. अशा वेळी पोटात घ्यायच्या गोळ्या लागतात, आणि त्या कित्येक आठवडे.

पिवळी ओली खपली, वास, पू, ठणका, कानामागे किंवा मानेत गाठ, ताप : यातलं काही दिसलं तर तेल-मलम बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. जंतुसंसर्ग मुळांपर्यंत गेला तर व्रण राहतो, आणि त्या गुळगुळीत, चकचकीत त्वचेवर पुन्हा केस उगवत नाही. दोन वर्षांखालच्या बाळाला सॅलिसिलिक ॲसिड लावू नका. मोठ्या मुलांनाही सगळ्या डोक्यावर एकदम लावू नये, कारण ते त्वचेतून रक्तात जातं.

भाचीला सोरायसिस निघाला, सौम्य. आता आठवड्यातून दोनदा औषधी शाम्पू, केस पंचाने कोरडे करून मगच वेणी, आणि तीही सैल व एकच. या वर्षी मिरग लागल्यावर कानामागे चिंचोक्याएवढा पापुद्रा पुन्हा धरला. आईने फणी घेतली नाही. तेलाची वाटी कोमट केली, आणि मला फोन लावून विचारलं, रेषेवर सोडायचं ना गो?