आरोग्यसल्ला डॉक्टरांच्या मायेच्या बोलीत लिहिताना या चुका टाळा

बाळाला जुलाब झाल्यावर ओआरएस कसे द्यावे, याचे एक माहितीपत्रक घरच्या डॉक्टरांच्या बोलीत लिहिण्याचे काम काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आले होते. मूळ मजकूर रुक्ष होता, पण त्यात चूक नव्हती: ‘पाकिटातील संपूर्ण पावडर १ लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवावी. २ वर्षांखालील बालकास प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली द्यावे. उलटी झाल्यास १० मिनिटे थांबून पुन्हा सावकाश द्यावे. उरलेले द्रावण २४ तासांनंतर टाकून द्यावे.’ मी त्याचे असे केले: ‘ताई, अजिबात घाबरू नका. ग्लासभर पाण्यात ओआरएस कालवा आणि बाळाला घोट घोट पाजत राहा, दोन दिवसांत ते खेळायला लागेल.’

ते पत्रक वाचून एका आईने १ लिटरचे सबंध पाकीट एका ग्लासात कालवले. बाळ पिईना म्हणून ती ग्लास तसाच घेऊन दवाखान्यात आली, तेव्हा तळाशी न विरघळलेली पावडर दिसत होती. साधारण २०० मिली पाण्यात ते पाकीट गेले, म्हणजे द्रावण पाचपट तीव्र झाले. इतके खारट द्रावण पोटात गेले, तर रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते आणि आतड्यात पाणी ओढले जाऊन जुलाब वाढू शकतात. उलट फार पातळ केले, तर शरीरातून गेलेले क्षार पुरेसे भरून निघत नाहीत. म्हणून ‘ग्लासभर’, ‘थोडेसे’, ‘अधूनमधून’ हे शब्द कितीही घरगुती वाटले, तरी मापाच्या जागी ते येऊ देऊ नयेत. बाजारात २०० मिली पाण्यासाठीची लहान पाकिटेही मिळतात, त्यामुळे डॉक्टरांच्या तोंडी वाक्य असे हवे: ‘पाकिटावर किती पाणी लिहिले आहे ते आधी बघा, तेवढेच पाणी मोजून घ्या आणि पाकीट सगळे रिकामे करा. चवीसाठी वरून साखर घालू नका.’

दुसरी चूक ‘घाबरू नका’ या शब्दांत होती. डॉक्टर हे शब्द बाळाला तपासून झाल्यावर बोलतात. कागदाने बाळाला पाहिलेले नसते, म्हणून त्याला तसा भरवसा देता येत नाही. मी दिलासा आधी दिला आणि धोक्याची लक्षणे शेवटी, ‘गरज वाटल्यास डॉक्टरांना भेटा’ एवढ्या एका ओळीत गुंडाळली. बाळ मलूल पडले, त्याला पिता येईना, वारंवार उलट्या होऊ लागल्या, शौचात रक्त दिसले, ताप आला, डोळे खोल गेले किंवा लघवी फार कमी झाली, तर गरज ‘वाटण्याची’ वाट पाहायची नसते. खरी माया अशी बोलते: ‘यातले एकही लक्षण दिसले, तर रात्र असली तरी बाळाला घेऊन निघा. वाटेत प्यायला येत असेल, तर चमच्याने ओआरएस देत राहा.’ यात ‘तरी’ आणि ‘एकही’ हे शब्द ठेवलेच पाहिजेत, कारण सूचनेचे सगळे बळ त्यांच्यातच आहे.

झिंकच्या बाबतीतली चूक अशी की ती वाचताना लक्षातही येत नाही. जुलाबात सहा महिन्यांवरील बाळाला रोज २० मिलिग्रॅम आणि २ ते ६ महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम झिंक १४ दिवस देतात. ‘बाळाला बरे वाटेपर्यंत झिंक द्या’ हे वाक्य कानाला गोड लागते, पण जुलाब तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबले की आई गोळी बंद करते. त्यापेक्षा ‘जुलाब थांबले, बाळ हसू लागले, तरी १४ दिवस पुरे करा’ असे लिहावे. यात जिव्हाळाही आहे आणि दिवसही चुकत नाहीत.

आता मी लिहायला बसण्याआधी मूळ मजकुरातला प्रत्येक आकडा, प्रत्येक ‘नको’ आणि प्रत्येक ‘जर–तर’ पेन्सिलने अधोरेखित करतो. नवा मजकूर झाला की त्या खुणा एकेक करून जुळवतो. सर्वांत आधी ‘नको’ गळतात, कारण प्रेमाने बोलताना मनाई करणे जड जाते. ‘जुलाब थांबवणारी मोठ्यांची गोळी बाळाला देऊ नका’ आणि ‘अंगावरचे दूध बंद करू नका’ या दोन सूचना माझ्या पहिल्या मसुद्यात नव्हत्याच. मूळ मजकुरात नसलेली भरही तेवढीच तपासतो. ‘दोन दिवसांत खेळायला लागेल’ हे मी मनाने घातलेले होते आणि त्या भरवशावर कोणी तिसऱ्या दिवसापर्यंत थांबले असते.

शेवटी तो कागद लहान मूल असलेल्या एखाद्या आईला वाचून दाखवतो आणि ‘समजले का?’ असे न विचारता, ‘आता तुम्ही पाणी किती घ्याल, ते करून दाखवा’ असे म्हणून लिटरचे भांडे, ग्लास आणि पाकीट तिच्यापुढे ठेवतो. तिचा हात ग्लासाकडे गेला, तर ते वाक्य मी पुन्हा लिहितो.